एका बाजूचा फोटो

"साखर आहे की नाही एवढंच तर विचारलं होतं, त्याला बाटलीच्या चारी बाजूंचे फोटो कशाला हवेत?"

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते, आणि एकदाच सविस्तर लिहिते. जर्मन रसाच्या बाटलीवरचे लेबल वाचून सांगण्यासाठी दुकानात उभ्याउभ्या काढलेला जो फोटो माझ्याकडे येतो, तो जवळजवळ नेहमी बाटलीच्या दर्शनी बाजूचा असतो, कारण मोठी अक्षरे, फळाचे चित्र आणि ठळक दावा तिथेच असतो. निर्मात्याला जे सांगणे कायद्याने भाग आहे, त्यातले बरेचसे मागे, लहान अक्षरांत, काचेच्या वळणावर असते. तारीख तर पुष्कळदा झाकणावर किंवा बाटलीच्या गळ्यावर छापलेली असते आणि लेबलवर फक्त 'झाकण पाहा' एवढेच म्हटलेले असते. मला जर्मन येते, याचा अर्थ फोटोत नसलेली बाजू मला वाचता येते असा होत नाही.

इंदूरच्या सुदामानगरला माझी मावशी राहते. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या सुनेने विजयनगरच्या एका दुकानातून मला लाल द्राक्षांच्या रसाच्या जर्मन बाटलीचा फोटो पाठवला आणि विचारले, "ताई, ह्यात साखर नाही ना? आईंसाठी घ्यायची आहे." दर्शनी बाजूवर 'ओने त्सुकरत्सुझात्स' असे शब्द होते. मी लगेच उत्तर दिले, "साखर घातलेली नाही असं लिहिलंय. मागचा पोषणमूल्यांचा तक्ता पाठव, मग सांगते." तक्ता आला नाही. फोटो पाठवायचा राहून गेला असेल किंवा बाटली घेतलीच नसेल, असे समजून मीही पुन्हा विचारले नाही.

बाटल्या घेतल्या गेल्या होत्या. मावशी सकाळी चहाऐवजी एक पेला आणि संध्याकाळी एक पेला रस घेऊ लागली, आणि तिला तो आवडलाही. पुढच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आहारात काय बदलले याची चौकशी झाली, तेव्हा घरातले सगळे भात, बटाटे आणि लग्नाच्या पंगतींबद्दल बोलत राहिले. रसाचे नाव कोणाच्याही तोंडी आले नाही, कारण त्यात साखर नाही असे घरात ठरून गेले होते. गोळ्या वाढल्यावर एके दुपारी मावशीला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि ती स्वयंपाकघरातच खाली बसली. त्या दिवशी रस संपलेला होता, जेवण उशिरा झाले होते आणि वाढवलेली गोळी मात्र वेळेवर घेतली गेली होती. साखर एकदम उतरली होती. सुनेने गूळ-पाणी दिले, त्याने ती सावरली. आपण ज्याला निरुपद्रवी समजतो त्या एका पेल्यावरून औषधाची मात्रा ठरते, आणि मग तो पेला नसला की तीच मात्रा उलटते, हे मी त्या घरात पाहिले.

मी भेटायला गेले तेव्हा एक रिकामी बाटली अजून ओट्याखाली होती. मागच्या बाजूच्या जर्मन तक्त्यावर आयातदाराचे इंग्रजी स्टिकर चिकटवलेले होते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन्ही ओळी द्याव्या लागतात, आणि स्टिकरवर त्या होत्याही. पण दुकानातल्या फ्रिजच्या ओलीने छपाई पुसट झाली होती आणि 'घातलेली साखर ०' एवढीच ओळ स्वच्छ वाचता येत होती. दुकानदाराने त्याच ओळीवर बोट ठेवले होते, असे सून म्हणाली. मी कोमट पाण्यात भिजवून स्टिकर सोडवले. खाली तक्ता होता: १०० मिलिलिटरमागे ऊर्जा २७९ किलोज्यूल म्हणजे ६६ किलोकॅलरी, कर्बोदके १६,२ ग्रॅम, त्यांपैकी साखर १६,२ ग्रॅम.

मावसभाऊ म्हणाला, "ताई, ते एक पॉइंट सहा असेल, नीट बघ." शंका रास्त होती. जर्मनीत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, आणि डिंकाने खरवडलेल्या कागदावर किंवा हललेल्या फोटोत तो स्वल्पविराम पहिल्यांदा नाहीसा होतो किंवा भलत्या जागी दिसतो. पण त्याच तक्त्यात त्याची पडताळणी करता येते. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. साखर १६.२ ग्रॅम असेल तर तिच्याच जवळपास ६५ किलोकॅलरी होतात, आणि तक्ता ६६ सांगत होता. साखर १.६ ग्रॅम असती तर बाकी काहीच नसलेल्या त्या रसाची ऊर्जा सातच्या आसपास असती. मात्र ही पडताळणी करताना किलोज्यूलचा मोठा आकडा किलोकॅलरी समजून घेऊ नये; दोन्ही आकडे एकाच ओळीत असतात. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात ३२.४ ग्रॅम साखर होती. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर साडेसहा चमचे होतात, आणि दिवसाला दोन पेले म्हणजे तेरा. ज्या मावशीच्या चहात कित्येक वर्षांत दाणाभर साखर पडलेली नव्हती, तिच्या पोटात हे रोज जात होते.

"तूच तर म्हणालीस साखर नाही म्हणून," असे सून मला सर्वांसमोर म्हणाली. मी तसे म्हटले नव्हते. साखर घातलेली नाही असे मी लिहिले होते आणि ते अक्षरशः बरोबर होते. युरोपीय नियमांत या दाव्याचा अर्थ असा की पदार्थात साखर किंवा गोडीसाठी वापरला जाणारा दुसरा कोणताही जिन्नस वरून मिसळलेला नाही; द्राक्षांची स्वतःची साखर त्यात मोजली जात नाही. मुळात साखर नसल्याचा दावा वेगळा असतो आणि तो करण्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम साखर चालते. शिवाय २०१२ च्या युरोपीय निर्देशाने फळांच्या रसात साखर घालण्यास बंदीच केली आहे, त्यामुळे 'रस' या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीवरचा तो दावा त्या एका बाटलीचा विशेष गुण सांगत नाही. नाव 'नेक्टार' असे असेल तर मात्र साखर किंवा मध वरून घालता येतो, एकूण वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत. म्हणून मी दाव्याच्या आधी पदार्थाचे नाव पाहते, आणि त्यानंतर तक्ता.

त्या दिवसापूर्वीची मी असते तर इथेच थांबले असते. वाक्य अचूक उतरवले की भाषांतरकाराचे काम संपते, पुढचे वाचणाऱ्याने पाहावे, मी काही आहारतज्ज्ञ नाही, असे मी विद्यार्थ्यांनाही सांगत असे. त्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मला आजही वाटत नाही. पण मधुमेही सासूसाठी बाटली घेणारी बाई 'घातलेली नाही' हे 'नाही' असेच ऐकणार, हे मला ठाऊक नव्हते असेही मी म्हणू शकत नाही. आणि या बाबतीत कायदा माझ्या पुढे होता: असा दावा असलेल्या पदार्थात मुळातच साखर असेल तर 'यात नैसर्गिकरीत्या साखर आहे' असे वाक्यही लेबलवर लागते. ते त्या बाटलीवर होते. स्टिकरच्या कडेला, तक्त्याच्या खाली, अर्धे झाकलेले.

त्याच बाटलीने तारखेचाही घोळ केला होता. झाकणावर नुसता महिना आणि साल होते, आणि त्याआधी 'अमुक महिन्याच्या अखेरपर्यंत किमान टिकेल' अशा अर्थाचे शब्द. ही तारीख न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या बाटलीची असते, आणि ती उलटली म्हणून पेय त्याच दिवशी घातक होत नाही; लवकर नासणाऱ्या पदार्थांवर 'या तारखेपर्यंतच वापरा' असे निराळे शब्द असतात आणि ते मात्र शब्दशः पाळायचे असतात. मावशीच्या घरी याच्या उलट अर्थ घेतला गेला होता: तारीख लांब आहे म्हणून उघडलेली बाटली जेवणाच्या टेबलावरच राहत होती. लेबल सांगत होते की उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी आणि काही दिवसांत संपवावी. रस गरम करून निर्जंतुक केलेला असतो, पण झाकण निघाले की हवेतले यीस्ट आत जाते आणि इंदूरच्या मे महिन्यात ते भराभर वाढते. झाकण फुगणे, उघडताना फुस्स असा आवाज येणे, न हलवता बुडबुडे उठणे आणि पावासारखा आंबूस वास, ही लक्षणे दिसली तर बाटली ओतून द्यावी. आणखी एक: लेबलवर न उघडलेल्या बाटलीसाठी 'थंड आणि अंधाऱ्या जागी' असे असते, तेव्हा तिथल्या तळघराचा गारवा अभिप्रेत असतो. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेल्या बाटलीला झाकणावरची तारीख पुरतेच असे समजू नये.

उगमाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर वाद फार होतात. बारकोडची सुरुवात ४०० ते ४४० मधल्या आकड्याने झाली तर तो क्रमांक जर्मनीतल्या संस्थेकडून दिलेला आहे, एवढेच कळते; द्राक्षे कुठली ते कळत नाही. 'जर्मनीत भरलेले' म्हणजे बाटली तिथे भरली. सेंद्रिय मालावर हिरव्या पानाच्या चिन्हाखाली शेती युरोपीय संघातली की बाहेरची, हे लिहावे लागते, आणि तोच मजकूर मी वाचून दाखवते. त्यापलीकडे 'अस्सल जर्मन द्राक्षे आहेत का' याचे उत्तर लेबलवर नसेल तर माझ्याकडेही नसते.

सून आता पूर्वीसारखी बोलते, पण या विषयावर आमचे एकमत झालेले नाही. तिचे म्हणणे असे की दुकानदार काचेचा फ्रिज उघडून बाटली फिरवू देत नाही, स्टिकर तर सोडवूच देणार नाही, मग तिने चारी बाजू आणायच्या कुठून? मी म्हणते, मग मधुमेह असलेल्या माणसासाठी ती बाटली घेऊ नये. हे काही उत्तर नव्हे, असे ती म्हणते, आणि मलाही ते पुरते उत्तर वाटत नाही. तरी फोटो एकाच बाजूचा आला तर साखरेबद्दल मी आता एक शब्दही लिहीत नाही. त्याला तुम्ही आढ्यता म्हणता, हे मला माहीत आहे.