रिझॉल्व्ह्ड म्हणून बंद झालेली चॅट

घरगुती उपकरणं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीचं ग्राहकसेवेचं काम आमच्या पुण्यातल्या सेंटरकडे होतं आणि त्या कामाच्या क्वालिटी टीममध्ये मी होते. आदल्या दिवशीच्या काही चॅट सकाळी ऑडिटसाठी यायच्या. त्या दिवशी आलेली एक चॅट दिसायला निर्दोष होती. स्थिती 'रिझॉल्व्ह्ड', बंद करण्याचं कारण 'माहिती दिली', ग्राहकाचं रेटिंग पाचपैकी पाच. अभिवादन, माफी, नावाने संबोधन, शेवटी 'आणखी काही मदत करू शकतो का?' हे सगळं जिथल्या तिथे. आमच्या गुणपत्रिकेवर ती जवळजवळ पूर्ण गुण घेऊन गेली असती.

पण चॅट वाचताना मी गुणपत्रिका नंतर उघडते. आधी ग्राहकाचा पहिला आणि शेवटचा मेसेज शेजारी ठेवून बघते. पहिला होता, 'मिक्सरचे पैसे दोनदा गेले. मिक्सर एकच आला. एकदाचे पैसे परत पाहिजेत.' शेवटचा होता, 'ठीक आहे, बघते अजून दोन दिवस वाट.' मागितले होते पैसे, मिळाली मुदत. मग मधल्या सात-आठ मिनिटांत नेमकं काय झालं ते ओळीओळीने वाचायलाच हवं.

एजंटने ऑर्डर नंबर मागितला, तपासला आणि सांगितलं, 'मॅडम, आपली ऑर्डर यशस्वी आहे आणि ती डिलिव्हर झालेली आहे.' बाईंनी विचारलंच नव्हतं ते. त्यांनी पुन्हा लिहिलं की ऑर्डर मिळाली, प्रश्न पहिल्या पेमेंटचा आहे. त्यावर तयार उत्तर आलं: 'व्यवहार फेल झाल्यास रक्कम 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत आपोआप खात्यात जमा होते.' बाई म्हणाल्या, अकरा दिवस झाले. एजंट म्हणाला, मग बँकेशी संपर्क करा. बाई म्हणाल्या, 'बँकेत जाऊन आले. ते म्हणतात पैसे कंपनीला पोचलेत.' आणि त्यांनी यूपीआयच्या ॲपमधला स्क्रीनशॉट पाठवला.

इथे मी घड्याळ बघितलं. स्क्रीनशॉट 4:12:31 ला आला आणि 4:12:39 ला उत्तर गेलं: 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे, 48 तासांत अपडेट मिळेल.' आठ सेकंदांत फोटो उघडून, त्यातला यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख असलेला बारा आकडी नंबर वाचून, दुसऱ्या स्क्रीनवर टाकून शोधणं कुणालाही शक्य नाही. उत्तरात तिकीट नंबरही नव्हता. तक्रार खरंच पुढे पाठवली की तिकीट तयार होतं आणि त्याचा नंबर ग्राहकाला देता येतो. मी आतली नोंद उघडली. तिकीट नव्हतं. संबंधित विभागाकडे काहीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे 48 तासांनी अपडेट देणारं कुणी नव्हतंच.

मग तो यूटीआर मी पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन कंपनीपर्यंत पोचवणाऱ्या सेवेच्या डॅशबोर्डवर शोधला आणि सगळा उलगडा झाला. बाईंनी पिन टाकला तेव्हा बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही. वेबसाइटने मुदत संपल्यावर पेमेंट फेल धरलं आणि 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवलं. त्यांनी पुन्हा पैसे भरले, ऑर्डर लागली. काही मिनिटांनी पहिल्या व्यवहाराचं 'यशस्वी' असं उत्तर उशिरा पोचलं, गेटवेने ती रक्कम स्वीकारली आणि नेहमीप्रमाणे कंपनीच्या खात्यात वळतीही केली. फक्त त्या रकमेला जोडायला ऑर्डर उरली नव्हती.

एजंटचं तयार उत्तर खोटं नव्हतं, ते वेगळ्या दुखण्याचं औषध होतं. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे: यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे, नाहीतर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. पण इथे खात्री पोचली होती. बँकेच्या वहीत हा व्यवहार पूर्ण झालेला होता, त्यामुळे आपोआप परत येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सात दिवस थांबा की सत्तर, कंपनीने स्वतः रिफंडचं बटण दाबल्याशिवाय ते पैसे हलणार नव्हते. बँकेने बाईंना खरं सांगितलं होतं आणि आम्ही त्यांना परत बँकेकडे पाठवत होतो.

त्याच मोबाइल नंबरच्या जुन्या चॅट काढल्या तर आणखी दोन निघाल्या. पहिलीत 7 दिवस थांबायला सांगितलेलं, दुसरीत बँकेकडे जायला. दोन्ही 'रिझॉल्व्ह्ड'. आमच्याकडे ग्राहक 72 तासांच्या आत परत आला तरच जुनी तक्रार पुन्हा उघडली असं धरायचे. त्यानंतर आला तर नवी तक्रार. ज्याला 'सात दिवसांनी या' असं सांगितलंय तो तीन दिवसांत कशाला येईल? त्यामुळे एकाच बाईंची एकच अडचण अहवालात पहिल्याच संपर्कात सुटलेल्या तीन तक्रारी म्हणून मोजली गेली होती. आकडे सुधारायचे असतील तर ग्राहकाला लांबची तारीख द्यावी, असंच ही पद्धत शिकवते. मला राग आला तो याचा.

दुपारी टीम लीडरसोबत कॅलिब्रेशन होतं, म्हणजे एकच चॅट दोघांनी तपासून गुण जुळवायचे. तो म्हणाला, 'ग्राहक ठीक आहे म्हणाला, पाच स्टार दिले. आपण कुठल्या तोंडाने फेल करायचं?' मी त्याला रेटिंगचा प्रश्न दाखवला. आम्ही विचारत होतो, 'आमच्या प्रतिनिधीशी बोलण्याचा अनुभव कसा होता?' तो मुलगा नम्रच बोलला होता, बाईंनी प्रामाणिक उत्तर दिलं. काम झालं का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. मग मी त्याला एवढंच विचारलं की या चॅटनंतर पुढचं पाऊल कुणी उचलायचंय, त्याचं नाव किंवा तिकीट नंबर मला दाखव. त्याने शोधलं, आणि चॅट नापास करायला तयार झाला.

एजंटशी मी स्वतः बोलले. तो एका वेळी तीन चॅट सांभाळत होता आणि त्याच्या स्क्रीनवर पेमेंट फक्त ऑर्डर नंबरने शोधता यायचं. ऑर्डर नसलेलं पेमेंट त्याला दिसणारच नव्हतं. 'मॅडम, मला एकच पेमेंट दिसत होतं,' तो म्हणाला, आणि ते खरं होतं. तिकीट न करता 'पाठवली आहे' असं लिहिणं मात्र त्याचं त्याला भोवलं. ते मी शेऱ्यात तसंच लिहिलं.

त्याच दिवशी तिकीट केलं, गेटवेचा पुरावा जोडला आणि फायनान्सकडून 3,499 रुपयांचा रिफंड निघाला. बाईंना रकमेसोबत रिफंडचा संदर्भ क्रमांकही कळवला, कारण पैसे दिसेनात तर बँकेत त्या क्रमांकावरच शोध लागतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, 'जमा झाले. यासाठी तीनदा का यावं लागलं?' मी तो मेसेज अहवालात पहिल्या पानावर घातला.

नंतर एजंटच्या स्क्रीनवर यूटीआरने शोधायची सोय आली आणि तिकीट नंबराशिवाय 'विभागाकडे पाठवली' हे तयार उत्तर जाईनासं झालं. 72 तासांची अट मात्र कंपनीच्या करारात लिहिलेली होती. ती बदलायची मागणी मी दर महिन्याच्या बैठकीत मांडत राहिले.