डावीकडे घसरणारे जाकीट: अखेर दुखणे सापडले

मागील नोंदीत डाव्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या चुण्यांचे जाकीट डमीवर नीट बसल्याचे मी लिहिले होते. ते अंगावर घातल्यावर मात्र दहा मिनिटांत डावीकडे घसरले. तीन आठवडे या एकाच दोषाशी झुंजण्यात गेले आणि काल रात्री तो सुटला.

डमीच्या कापडी आवरणावर जाकिटाला टाचण्या आणि खरखरीतपणा यांचा आधार मिळतो, चालत्या माणसाच्या खांद्यावर तो मिळत नाही. मानेमागच्या मणक्याच्या हाडासमोर गळ्यावर खडूची रेघ ओढून घरातच दहा मिनिटे चालल्यावर ती रेघ साडेतीन सेंटीमीटर डावीकडे सरकलेली आढळली. त्याच वेळी उजव्या बाजूच्या गळ्यापासून डाव्या काखेकडे तिरप्या सुरकुत्या ताणल्या गेल्या होत्या, म्हणजे डाव्या बाजूचा सगळा भार गळ्याची शिलाई एकटीच पेलत होती. शेवटी पाठीची शिलाई उसवून दोन्ही अर्ध्या भागांचे स्वयंपाकघरातील काट्यावर वजन केले, तेव्हा डावा भाग 610 ग्रॅम आणि उजवा 380 ग्रॅम भरला.

पहिला उपाय म्हणून उजव्या घेरात 200 ग्रॅमची साखळी घातली. घसरण दीड सेंटीमीटरवर आली, पण उजव्या पुढच्या भागाचा खालचा तुकडा मी उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा, कापलेला असल्याने रात्रभर टांगून ठेवल्यावर तो दोन सेंटीमीटर लांबला, शिवाय जाकिटाचा एकूण भार वाढून खांदे दुखू लागले. नंतर गळा एक सेंटीमीटरने आवळून पाहिला. जाकीट जागेवर राहिले, पण मान वळवली की तो गळ्याला काचत असे.

वाट सापडली ती बेल्जियन फॅशन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांच्या 1997 मधील कामाची छायाचित्रे पुन्हा पाहताना. शिंपीकामाच्या डमीचे तागाचे आवरणच त्यांनी बिनबाह्यांच्या बंडीसारखे अंगावर घालायला दिले आणि अर्धवट राहिलेल्या पोशाखाच्या चुण्या त्यावर टाचल्यासारख्या दाखवल्या. आजवर मी त्याकडे केवळ कल्पना म्हणून पाहत होतो, परंतु त्या रचनेत एक व्यावहारिक गोष्टही आहे: वरचे कापड गळ्याला लोंबत नाही, घट्ट बसणाऱ्या बंडीला लोंबते.

म्हणून मांजरपाट धुऊन आटवून घेतला आणि त्याची कमरेपर्यंतची, दोन्ही मुंढे असलेली अंगासरशी बंडी शिवली. कमरेला उभ्या धाग्यात कापलेली अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी लावून पुढे आकडे बसवले. ही पट्टी उरेब कापली असती तर तीही ताणली गेली असती. मग चुण्यांचा भार बंडीला तीन ठिकाणी जोडला: डाव्या खांद्याच्या मध्यावर, पाठीच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या पट्टीवर. जाकिटाचा गळा बंडीला फक्त सैल धावदोऱ्याने टाचला आहे. पुन्हा दहा मिनिटे चालून पाहिले, तर रेघ अर्धा सेंटीमीटरसुद्धा सरकली नव्हती आणि गळ्याकडच्या सुरकुत्या नाहीशा झाल्या होत्या.

सुट्या कडांचा प्रश्न तुलनेने लवकर मिटला. उभ्या धाग्यातील कडेपासून सहा मिलिमीटरवर बारीक टाक्यांची एक शिलाई मारून कापड दोनदा धुतले. धागे त्या शिलाईपर्यंत सुटले आणि तेथेच थांबले, त्यामुळे घेराला एकसारखी, मऊ झालर आली. उरेब कडांना काहीच करावे लागले नाही, कारण त्या नुसत्या किंचित लवदार होतात. बाहेरच्या शिलायांची माया मी दीड सेंटीमीटर ठेवली आहे आणि इस्त्रीने दोन्ही बाजूंना उघडून दाबली आहे. एकाच बाजूला दुमडली तर ती चुकून राहिल्यासारखी दिसते.

एक सावधगिरी येथे नोंदवतो. पाण्याने पुसली जाणारी खुणांची पेनं ज्या दुकानातून घेतली, तेथे इस्त्रीबद्दल काहीच सांगितले गेले नाही आणि उष्णतेने खुणा तपकिरी होऊन कायमच्या बसल्या. शिलाई बाहेर दिसणार असेल तर साधा खडू किंवा कच्चे टाके यांवरच माझा भरवसा आहे.

हे लिहिताना एक वेगळा विचार सुचला आहे. बंडीच भार पेलत असेल, तर उजवा पुढचा भाग हवाच कशाला? तो काढला तर मांजरपाट, कमरेची पट्टी आणि आकडे उघडे दिसतील आणि डावीकडच्या चुण्या कशाच्या आधाराने उभ्या आहेत हे पाहणाऱ्याला थेट कळेल. उजवीकडचे वजन आणखी घटेल, पण भार आता गळ्यावर नसल्याने ते चालावे. त्यासाठी उजव्या मुंढ्याची कड नव्याने बांधावी लागेल आणि तिथली माया जेमतेम एक सेंटीमीटर उरली आहे, म्हणून आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर हा मुंढा कापून, हात वर केल्यावर तो ताणतो का हे पाहणार आहे. उजव्या खांद्याची शिलाई मी आताच उसवून ठेवली आहे.