दोन खिडक्या, एक खातं

"रेकॉर्ड उघडल्याबरोबर लॉक का करत नाही तुम्ही? दोघांनी एकाच वेळी बदललं तर?"

जिनिंगवाले विचारतात, पतसंस्थांचे मॅनेजर विचारतात, माझ्याकडे कामाला येऊ बघणारी जळगाव-धुळ्याची इंजिनिअर पोरंही विचारतात. त्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर मी बघतो, आणि मी तपासणीच करत नाही, सगळं नशिबावर सोडतो, असा संशय सुरात असतो. मी तपासतो. फक्त सुरुवातीला अडवत नाही, शेवटी तपासतो. असं का करतो, हे एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी ती संध्याकाळ, कारण माझं मत तिथे बनलं. जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये दुसऱ्या कोणी केलेलं सॉफ्टवेअर चालू होतं आणि देखभाल माझ्याकडे आली होती. भरलेली ट्रॉली काट्यावर आली की ऑपरेटर खातं उघडायचा, आणि त्याच क्षणी `SELECT ... FOR UPDATE` ने ते खातं लॉक व्हायचं, म्हणजे लॉक सुटेपर्यंत दुसऱ्या खिडकीला ते उघडता येत नव्हतं. ट्रॉली आत जायची, कापूस ढिगावर खाली व्हायचा, ती परत काट्यावर यायची, रिकाम्या गाडीचं वजन व्हायचं, मग सेव्ह. लॉक सुटायचं ते तेव्हा. म्हणजे डेटाबेसमधलं लॉक किती वेळ राहणार, हे हमाल किती झपाट्याने ट्रॉली खाली करतात यावर ठरत होतं.

दिवाळीनंतरचे दिवस, ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेलेली. लाइट गेली. एका काट्यावरच्या कॉम्प्युटरच्या यूपीएसने दम तोडला आणि तो बंद पडला. सर्व्हर इन्व्हर्टरवर होता, तो चालूच राहिला. आता सर्व्हरच्या बाजूने बघा. समोरचा कॉम्प्युटर मेला, पण मरताना त्याने कनेक्शन बंद केलं नाही. सर्व्हरला वाटतं, ऑपरेटर अजून विचार करतोय. लिनक्स गप्प पडलेल्या कनेक्शनची पहिली चौकशी मुळात 7200 सेकंदांनी करतं, म्हणजे दोन तासांनी. तोवर लॉक तसंच.

एक खातं अडकलं तर बाकीच्यांचं काय बिघडलं, असं वाटेल. मलाही आधी तेच वाटलं. पण ते खातं एका गाव-व्यापाऱ्याचं होतं आणि त्याच्या नावावर त्या दिवशी बऱ्याच गाड्या होत्या. दुसऱ्या काट्यावर त्याचीच गाडी आली, खातं उघडायला गेलं, स्क्रीन गोठली. ऑपरेटरने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा तेच खातं, पुन्हा गोठली. प्रत्येक प्रयत्नाचं एक सेशन सर्व्हरवर लॉकची वाट बघत राहिलं, कारण वाट बघणारं सेशन पलीकडचा माणूस निघून गेलाय का हे तपासत बसत नाही. हिशोबाच्या खिडकीवरही तोच खेळ झाला. हळूहळू कनेक्शनची मर्यादा भरली, आणि ज्यांचा त्या व्यापाऱ्याशी काही संबंध नाही अशा शेतकऱ्यांचीही पावती निघेना.

मी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. एक म्हातारे बाबा ट्रॉलीवरून खाली न उतरताच म्हणाले, "भाऊ, आते कितला येळ?" मला उत्तर देता आलं नाही. डेटाबेस पोस्टग्रेस, त्यात कोण काय करतंय ते दाखवणारं `pg_stat_activity` उघडलं तर एकच ओळ `idle in transaction`, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसलेली, आणि तिच्यामागे लॉकसाठी थांबलेल्यांची लांब यादी. ते एक सेशन `pg_terminate_backend` ने मारलं आणि सगळं धडाधड सुटलं. पण काही गाड्या तोवर दुसऱ्या जिनिंगकडे वळल्या होत्या, आणि काही माणसांनी ती थंडीची रात्र कापसावरच काढली. हा प्रसंग मी विसरत नाही, म्हणून कदाचित या विषयावर माझा आवाज चढतो.

"टाइमआउट लावायचा की," असं हमखास कोणीतरी म्हणतं. अशी गप्प बसलेली सेशन ठरलेल्या वेळाने तोडणारं `idle_in_transaction_session_timeout` पोस्टग्रेसमध्ये 9.6 पासून आहे, मला माहीत आहे. किती लावू? पाच मिनिटं लावले तर ट्रॉली खाली होईपर्यंत प्रत्येक सरळ काम करणाऱ्याचं ट्रान्झॅक्शन तुटेल. तास लावला तर रांग तासभर उभी राहील. माणसाच्या आणि हमालीच्या वेळाएवढं लांब लॉक ठेवायचं म्हटलं की बरोबर आकडा सापडतच नाही.

मी जे करतो त्याची मूळ मांडणी कुंग आणि रॉबिन्सन या संगणकशास्त्रज्ञांची, 1981 सालची. काम तीन टप्प्यांत होतं. पहिल्यात फक्त वाचायचं, आणि जे बदल करायचे ते स्वतःजवळच्या प्रतीत करायचे, मूळ डेटाला हात लावायचा नाही. दुसऱ्यात तपासायचं, की मी वाचायला लागल्यापासून आत्तापर्यंत ज्यांची कामं पक्की झाली, त्यांनी मी वाचलेल्यापैकी काही बदललंय का. नसेल तर तिसऱ्यात लिहायचं. बदललं असेल तर आपली प्रत फेकायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

समजा एका शेतकऱ्याची उचल 20,000 बाकी आहे आणि त्याच्या दोन पोरांनी दोन ट्रॉल्या दोन खिडक्यांवर लावल्या. भाव 7,000 रुपये क्विंटल. प्रत्येक खात्यावर व्हर्जन नावाचा एक आकडा असतो, दर सेव्हला तो एकाने वाढतो. दोन्ही खिडक्यांनी खातं वाचलं, बाकी 20,000, व्हर्जन 7. पहिल्या ट्रॉलीत 12 क्विंटल, 84,000 झाले, उचल वजा जाता 64,000 द्यायचे. दुसरीत 9 क्विंटल, 63,000 झाले, तिथेही उचल वजा करून 43,000 दिसतात. तपासणी नसेल तर त्या घरातून 20,000 दोनदा कापले जातील. सेव्ह करताना दोन्ही खिडक्या हेच पाठवतात:

```sql
UPDATE khate
   SET uchal_baki = 0, version = 8
 WHERE id = 412 AND version = 7;
```

पहिलीला `UPDATE 1` मिळतं, म्हणजे एक रो बदलली. दुसरीला `UPDATE 0`, कारण व्हर्जन 7 आता राहिलंच नाही. पैसे देण्याची नोंद याच ट्रान्झॅक्शनमध्ये असते, त्यामुळे शून्य आलं की तीही मागे फिरते. दुसरी खिडकी खातं नव्याने वाचते, बाकी 0 दिसते, हिशोब पूर्ण 63,000 चा होतो आणि ऑपरेटरसमोर तो नवा आकडा येतो. दोन्ही पोरांचे मिळून 1,27,000, उचल एकदाच कापलेली. ट्रॉली खाली होत होती तो सगळा वेळ कोणाचंही लॉक नव्हतं, आणि मध्येच लाइट गेली असती तरी सर्व्हरवर काही लटकलं नसतं.

इथे एक गोष्ट लोक हटकून बिघडवतात. `UPDATE 0` आलं की नवं व्हर्जन तेवढं आणतात आणि जुनेच आकडे पुन्हा पाठवतात. सेव्ह होतं, सगळे खूश. पण मग तपासणी होऊन न झाल्यासारखीच. पुन्हा सुरू करायचं म्हणजे वाचण्यापासून, हिशोबासकट.

आता माझ्या बाजूला जे टोचतं ते. पूर्वी मी ठासून सांगायचो, लॉक कुठेच नको. आता तसं म्हणत नाही. तपासणी आणि लेखन यांच्या मधे कोणी घुसता कामा नये, म्हणजे तिथे क्षणभराचं लॉक लागतंच. वरच्या `UPDATE` मध्ये डेटाबेस स्वतः त्या रोवर ते घेतो, आणि दुसरी खिडकी त्याच क्षणी आली तर पहिलीचं पक्कं होईपर्यंत थांबते. 1981 च्या मांडणीच्या साध्या रूपातही तपासणी आणि लेखन एकसंध आहे. एखादं ट्रान्झॅक्शन पुन्हा पुन्हा हरत असेल तर त्याला तो बंदिस्त भाग न सोडता पुन्हा चालवावं, अशीही सोय तिथे सुचवली आहे. ते बाकी सगळ्यांना अडवणंच झालं.

आणि पावती क्रमांक. सगळे काटे एकाच आकड्यावर तुटून पडतात. तिथे वाचा-तपासा-लिहा केलं तर एक जिंकतो, बाकीचे हरून पुन्हा येतात, पुन्हा बहुतेक हरतात, आणि सर्व्हर फेकून द्यायची कामं करत बसतो. तिथे मी सेव्हच्या अगदी शेवटी सरळ एक वाढवतो, रो लॉक होऊ देतो, काही मिलिसेकंदांत ते सुटतं. अग्रवाल, केरी आणि लिव्नी या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं तेही हेच: सीपीयू आणि डिस्क मुबलक असतील तर हरलेलं काम पुन्हा करणं परवडतं, त्या तोकड्या असतील तर थांबवणारं लॉकच पुढे जातं. म्हणून कोणी विचारलं की मी उलट विचारतो: एकाच खात्यावर दोघं एका वेळी कितीदा येतात, वाचण्या-लिहिण्यात अंतर किती, आणि पुन्हा करायला लागलं तर काय जातं? काट्यावर टक्कर क्वचित, अंतर लांब, आणि पुन्हा करायचा तो एक गुणाकार-वजाबाकी. क्रमांकावर तिन्ही उत्तरं उलटी.

एका जागी मात्र माझा निकाल लागलेला नाही. एका घराला मिळून 50,000 पर्यंतच उचल, असा नियम आहे. बापाच्या खात्यावर 15,000, पोराच्या खात्यावर 15,000. दोघं दोन खिडक्यांवर आणखी 15,000 मागतात. दोन्ही खिडक्या दोन्ही खाती वाचतात, बेरीज 30,000, नव्यासह 45,000, चालेल. मग एक खिडकी फक्त बापाचं खातं लिहिते, दुसरी फक्त पोराचं. दोन्हींना `UPDATE 1`. घराची उचल 60,000 झाली आणि कुठलंच व्हर्जन ओरडलं नाही, कारण मी लिहिलेली रो तपासली, वाचलेली नाही. मूळ पद्धतीत वाचलेल्याचीही यादी तपासतात, दुसरी खिडकी तिथे पडली असती. व्हर्जनचा कॉलम ही त्या पद्धतीची अर्धीच बाजू आहे.

उपाय दोन दिसतात. दोन्ही ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालल्यासारखाच निकाल देणाऱ्या `SERIALIZABLE` पातळीवर चालवायची, मग पोस्टग्रेस वाचनाचाही माग ठेवतं आणि एकाला `40001` ही एरर देऊन परत पाठवतं. पण त्यासाठी त्या खात्यांना हात लावणारा सगळा जुना कोड त्याच पातळीवर न्यावा लागतो, आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा चालेल असा लिहावा लागतो. किंवा घराची वेगळी रो ठेवून प्रत्येक उचलीला तिचं व्हर्जन वाढवायचं, मग बाप-लेकाची टक्कर दिसते. पण उद्या कोणी उचल देणारी नवी स्क्रीन लिहिली आणि ती रो वाढवायला विसरला, तर भोक परत उघडं. सध्या मी दुसरा रस्ता धरलाय. मागच्या आठवड्यात माझ्याकडच्याच मुलीने विचारलं, "सर, मग तिथे घराची रो सरळ लॉक का नाही करत? सेव्हच्या वेळी क्षणभर तर लागेल." तिला अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तिचं म्हणणं चूक आहे असंही मला वाटत नाही.