कूलर, भिंत आणि मागची खोली

आमच्या महाल भागातल्या घरात उन्हाळा लागला की वायफाय मंदावतं. मी त्याचा दोष नागपूरच्या उन्हाला देऊन मोकळा झालो होतो. पंचेचाळीस अंशांत माणूस मंदावतो, तर राऊटरचं काय!

घर जुनं, एकामागे एक खोल्यांचं. पुढे बैठक, मग मधली खोली, मग अंगण आणि अंगणापलीकडे मागची खोली, जिथे मुलगा अभ्यासाला बसतो. राऊटर बैठकीत, टीव्हीमागे, शोकेसच्या कप्प्यात. फायबरची तार तिथूनच आत आली आणि जोडणाऱ्या पोराने डबा तिथेच ठेवला. घरात आलेली वस्तू पहिल्या दिवशी जिथे टेकते, तिथेच ती दहा वर्षं राहते.

मे महिन्यात पोरगा वैतागला. मी आधी लॅपटॉप तारेने राऊटरला जोडून पाहिला. शंभरच्या प्लॅनवर ब्याण्णव एमबीपीएस मिळाले, म्हणजे कंपनीची काही चूक नव्हती. तारेवरही वेग रडका असता, तर पुढची उठाठेव व्यर्थ होती. मग फोनवर सिग्नल मोजणारं अ‍ॅप घेतलं आणि घरभर फिरलो. हा आकडा उणे असतो, शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल अशक्त. टीव्हीपाशी उणे ३८, मधल्या खोलीत उणे ५८, मागे उणे ८१. साधारण उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. ऐंशीच्या पुढे फक्त गोल फिरणारं चक्र पाहायचं.

"भिंतीकडे काय पाहून रायला रे?" आईने विचारलं.

मी भिंतीकडे नाही, खिडकीकडे पाहत होतो. राऊटरपासून मुलाच्या टेबलापर्यंत मनात सरळ दोरी ताणली, तर ती मधल्या खोलीच्या खिडकीतून अंगणात जाते. हिवाळाभर ती खिडकी उघडी. होळी झाली की तिथे कूलर बसतो. पत्र्याची पेटी, तीन बाजूंनी ओली ताटी आणि खाली साठ लिटर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. टाकी धुवायला कूलर बाजूला सरकवला तेव्हा पुन्हा मोजलं, तर मागे उणे ७२. नऊ डेसिबलचा फरक. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणजे हा बाबा सिग्नलचा फक्त आठवा हिस्सा पुढे जाऊ देत होता. उन्हाची बदनामी मी उगाच केली.

राऊटरची ताकद वाढवावी, असंही वाटलं होतं. पण वायफाय ही दोघांची बोलाचाली आहे. आई बैठकीतून कितीही जोरात हाक मारो, मागून "आलो" असं पुटपुटलेलं तिला ऐकू यायला हवं ना? फोनचा आवाज मुळातच बारीक. राऊटर ओरडतो, फोनवर दांड्या दिसतात, आणि फोनचं उत्तर मात्र वाटेतच विरतं. शिवाय लांबचा फोन सावकाश बोलतो, तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो आणि बाकीच्यांना ताटकळावं लागतं. मागच्या खोलीतला व्हिडिओ अडकला की बैठकीतली मालिकाही का अडखळायची, ते तेव्हा कळलं.

कूलर हलवणं शक्य नव्हतं, आईने घरातून काढलं असतं. म्हणून राऊटर हलवला. फायबरची तार काचेची, ती ओढायची नाही, फार वळवायचीही नाही. नशिबाने आमच्याकडे फायबरचा डबा वेगळा आणि राऊटर वेगळा होता. डबा जागेवरच ठेवला आणि बारा मीटर लॅनची तार छताच्या कडेने नेऊन राऊटर मधल्या खोलीत, अंगणाच्या दाराच्या चौकटीवर, दोन्ही अँटेना उभ्या ठेवून बसवला. दोन्ही एकाच डब्यात असतील, तर तारेच्या टोकाला जुना राऊटर लावून त्याला निव्वळ अ‍ॅक्सेस पॉइंट करता येतो. आता दोरी दाराच्या वरच्या झरोक्यातून जाते, कूलर बाजूला राहतो. मागचा आकडा उणे ६२.

सेटिंगमध्ये फार काही केलं नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडलं. मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ टिकत नव्हतं. ते वेगवान, पण भिंतीपाशी लवकर दमतं. म्हणून तिथला फोन २.४ वर जायचा, आणि त्या पट्ट्यात आमच्या गल्लीत तेरा राऊटर, बहुतेक सहाव्या चॅनलवर. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. अकरावा मोकळा होता, तो घेतला. चॅनलची रुंदी ४० वर होती, ती २० केली. दाट वस्तीत रुंद पट्टा म्हणजे अरुंद गल्लीत ट्रक.

वेग चारवरून अडतीसवर आला. शंभर नाही, पण पोराचा ऑनलाइन तास न अडकता पार पडतो. अंथरुणाच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे, अजूनही चक्र फिरतं. तिथे पोराने झोपावं अशीच माझी इच्छा असल्याने ते मी दुरुस्त केलेलं नाही.

कूलरमध्ये पाणी भरायला हाक मारली, तर ती मात्र मागच्या खोलीत अजूनही पोहोचत नाही.