एका थेंबाचा गुलाबी

परमँगनेटचं टायट्रेशन ज्यांनी ज्यांनी केलंय त्यांना तो शेवटचा क्षण माहितीये, फ्लास्कमधलं द्रावण अजून पाण्यासारखं असतं, ब्युरेटमधून आणखी एकच थेंब पडतो आणि सगळं फिकं गुलाबी होऊन बसतं. आपण रीडिंग घेतो आणि मोकळे होतो. पण त्या फ्लास्कमध्ये त्या वेळी मँगनीज किती आहे याचा हिशेब फारसं कुणी करत नाही, आणि मजा सगळी त्यातच आहे.

समजा 0.05 मोलर ऑक्झॅलिक ॲसिड 25 मिली घेतलं, सल्फ्युरिक ॲसिड घालून गरम केलं, आणि 0.02 मोलर परमँगनेट साधारण 25 मिली लागलं. म्हणजे अर्धा मिलिमोल मँगनीज फ्लास्कमध्ये गेलं, ते सगळं Mn²⁺ झालं, आणि एकूण द्रावण 100 मिली धरलं तर ते 0.005 मोलर आहे. आता जास्तीचा तो एक थेंब म्हणजे 0.05 मिली, त्यातून परमँगनेटचं प्रमाण होतं जेमतेम 0.00001 मोलर. म्हणजे Mn²⁺ पाचशे पट जास्त आहे, धातू तोच आहे, आणि तरी डोळ्याला दिसतो तो फक्त नंतर आलेला पाहुणा!

आकडे बघा. परमँगनेटची मोलर ॲब्सॉर्प्टिव्हिटी 525 नॅनोमीटरच्या आसपास 2400 च्या घरात, आणि पाण्यातल्या Mn²⁺ ची जेमतेम 0.03. फ्लास्कमधून प्रकाश पाच सेंटिमीटर गेला असं धरलं तर त्या एका थेंबामुळे हिरवा प्रकाश जवळजवळ पाव भाग गायब होतो, आणि पाचशे पट Mn²⁺ मिळून हजारात दोन भागसुद्धा खात नाही.

असं का, तर Mn²⁺ चे इलेक्ट्रॉन दोन-दोन नियमांत अडकलेत. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकासारखे बसलेले, मधोमध सममितीचं केंद्र. प्रकाशाला इलेक्ट्रॉन उचलायचा असेल तर त्या उडीत विद्युतभार कुठल्या तरी बाजूला झुकायला हवा, पण डी मधून डी मध्ये उडी मारली की डावीकडचं आणि उजवीकडचं तंतोतंत कटतं, हाती शून्य. हा लापोर्टचा नियम. शिवाय पाच डी ऑर्बिटलमध्ये पाच इलेक्ट्रॉन एकेक, सगळ्यांचे स्पिन एकाच दिशेला, त्यामुळे वरच्या डी मध्ये जायचं तर स्पिन उलटा करावा लागतो, आणि प्रकाश ते सहसा करत नाही. मग तो 0.03 तरी कुठून आला? पाण्याचे रेणू सतत थरथरत असतात, त्या थरथरण्यात सममिती क्षणभर मोडते, आणि स्पिन-ऑर्बिट कपलिंगमुळे स्पिनचा नियमही थोडा ढिला पडतो. जाड मँगनीज सल्फेटच्या स्फटिकाचा जो किंचित गुलाबीपणा दिसतो ना, तो एवढ्याच फटीतून आलेला. टायटॅनियमच्या Ti³⁺ ला स्पिनची अडचण नाही, फक्त लापोर्टची, तर त्याचा आकडा लगेच पाचाच्या आसपास जातो.

परमँगनेटमध्ये मुळात एकही डी इलेक्ट्रॉन नाही, त्यामुळे डी-डी चा प्रश्नच उद्भवत नाही (तरी परीक्षेत त्याचा जांभळा रंग डी-डी मुळे म्हणून लिहिणारे दरवर्षी सापडतात). इथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरून निघून मँगनीजच्या रिकाम्या डी मध्ये जातो, म्हणजे भार खरोखर एका अणूवरून दुसऱ्यावर सरकतो, स्पिन आहे तसाच राहतो, आणि सममितीचीही आडकाठी नसते. प्रकाशाला धरायला याहून सोयीचं काय हवं. धातूची ओढ जितकी जास्त तितकी ही उडी स्वस्त, म्हणून क्रोमेट 370 नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि पिवळं दिसतं, आणि व्हॅनेडेटची उडी अतिनील भागात जाते म्हणून ते रंगहीन.

फक्त ॲब्सॉर्प्टिव्हिटीचा आकडा बघून निकाल देऊ नये मात्र. कोबाल्टचा चतुष्फलकी CoCl₄²⁻ डी-डी असूनही 600 पर्यंत जातो, कारण चतुष्फलकात सममितीचं केंद्रच नाही आणि डी मध्ये थोडं पी मिसळतं. उलट खरी फसवणूक Fe³⁺ करतो. तोही Mn²⁺ सारखाच पाच इलेक्ट्रॉनवाला, फेरिक अलमचे स्फटिक अगदी फिके जांभळे, आणि पाण्यात टाकले की द्रावण पिवळट! तो पिवळा डी-डी नाहीच, पाण्यातला एखादा प्रोटॉन सुटून तयार झालेल्या हायड्रॉक्साइडवरून लोखंडाकडे जाणाऱ्या चार्ज ट्रान्सफरचा तो आहे. ओळखायचं कसं, तर स्पेक्ट्रममध्ये दृश्य भागात ठळक शिखर दिसत नाही, जांभळ्याकडे नुसती चढण असते, म्हणजे अतिनीलमधल्या मोठ्या बँडची शेपटी. नायट्रिक ॲसिड घाला, पिवळा उतरतो. मीठ घाला, आणखी चढतो, कारण आता क्लोराइडही देणारा झाला. आणि त्या शेपटीखाली लोखंडाचे स्वतःचे डी-डी बँड असतात, पण ते बघायचे तर आधी भरपूर ॲसिड घालून शेपटी बाजूला करायची आणि मग द्रावण चांगलं दाट घ्यायचं.