वेळापत्रक ठेवायचं कुठे?

आमच्या घरी दुधाचा हिशोब अजून भिंतीवरच्या कालनिर्णयवरच होतो. चौकोनात १ किंवा दीड लिहायचं, दूधवाल्याने दांडी मारली तर फुली. महिनाअखेरची बेरीज हातानेच करावी लागते, म्हणजे फार सोयीचं आहे अशातला भाग नाही. पण कालनिर्णय ओट्याच्या वर आहे आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली आहे. पातेलं खाली ठेवलं की हात तिकडे जातोच. अभ्यासाचं वेळापत्रक कागदावर करावं की फोनवर, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: अभ्यासाला बसताना तुझा हात कुठे जातो?

माझी भाची पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तिची ठरलेली खुर्ची आहे आणि फोन पायाशी, बॅगेत. ‘आता पुढे काय’ हे बघायला तो बाहेर काढावा लागतो. ती म्हणते, “मावशी, ॲप चांगलंच आहे गं. पण त्याच्याआधी मला टेलिग्राम दिसतं.” त्या ग्रुपवर परीक्षा पुढे ढकलल्याची अफवा कायम शिजत असते, म्हणजे अर्धा तास गेलाच.

म्हणून तिने प्लॅनर आणला. जाड पुठ्ठ्याचा, तारखा छापलेला, किती ग्लास पाणी प्यायलात याचीसुद्धा चौकट असलेला. मग ती तापाने पडली, आठवडाभराची पानं कोरी राहिली आणि ती कोरी पानं ओलांडून पुढे लिहायला तिचं मन होईना. छापील तारखांचा हा तोटा दुकानात लक्षात येत नाही. आता तिच्याकडे साधी शंभर पानी वही आहे. तारीख आपली आपण टाकायची. खाडा झाला तरी पुढचं पान कोरंच असतं.

वहीत मधोमध उभी रेघ. डावीकडे ठरवलेलं, उजवीकडे झालेलं, वेळेसकट. डावीकडे ‘भूगोल, मान्सून, १ तास’ आणि उजवीकडे ‘१ तास ४० मिनिटं’. पहिल्या आठवड्यात तिला कळलं, की तिचा तास बहुतेक वेळा दीड तासाचा असतो. यात तिचा वेगळा दोष नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील असं विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, लागले ५५. पुढच्या आठवड्यापासून तिने डावी बाजूच आखडती घेतली.

राहिलेल्या विषयाचं काय करायचं, इथे कागद आणि ॲप खरे वेगळे पडतात. ॲपमध्ये राहिलेलं काम बोट लावून उद्यावर ढकलता येतं. काही लागत नाही, म्हणून ढकलायची सवय लागते. हळूहळू लाल आकडा वाढतो आणि मग माणूस ॲपच उघडत नाही. वहीत तेच काम पुन्हा लिहावं लागतं. ‘पंचायतराज’ तिसऱ्यांदा लिहिताना भाची वैतागली आणि त्याऐवजी तिने लिहिलं, ‘७३वी घटनादुरुस्ती, फक्त अकरावी अनुसूची, ४५ मिनिटं’. त्या अनुसूचीत २९ विषय आहेत, तेवढे त्या दिवशी झाले.

उजळणीत मात्र वही हरते. आज वाचलेलं प्रकरण उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने चाळायचं, तर त्याचं नाव तीन पुढच्या पानांवर टाकून ठेवायला हवं, आणि ती पानं तर अजून आखलेलीच नाहीत. असं वीस प्रकरणांचं करायचं म्हटलं की वहीचं जाळं होतं. हे काम फोनने करावं. भाची रात्री खोलीवर गेल्यावर त्या दिवशीच्या प्रकरणाला कॅलेंडरमध्ये तीन तारखा लावते. सकाळी निघण्यापूर्वी त्या दिवसाची उजळणी बघून वहीत उतरवते आणि फोन बॅगेत टाकते.

आमच्या शेजारचा मुलगा खात्याच्या परीक्षेला बसतोय. बदलापूरहून लोकलने जातो, एक हात वरच्या कडीला. वाचतो तोही फोनवरच, पीडीएफ. त्याला वही सुचवणं हा वेडेपणा आहे. दादरच्या गर्दीत पेनाचं टोपण कोण काढणार? त्याचं ॲप रोज वापरात असतं, कारण त्या तासाभरात त्याच्या हातात दुसरं काही नसतंच.

भाचीच्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी मात्र दोन्ही पूर्णपणे चालवते. वहीत चार रंगांची पेनं, मग तेच सगळं त्याच चार रंगांत ॲपमध्ये. दिसायला फार सुरेख दिसतं, मी पाहिलंय. पण त्या रंगकामात तिची रविवारची सकाळ जाते, आणि पूर्वपरीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर अवघ्या दोन तासांचा असतो.