वेगळा कप

"मॅडम, पण कप वेगळा ठेवला कोणी?"

समाजशास्त्राचे पेपर परत देताना एका मुलीने विचारलं. प्रसंग मीच लिहिला होता: घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा असतो. तो हातात आला की कोणी न सांगताही त्या खुर्ची सोडून जमिनीवर बसतात. दृष्टिकोन ओळखा. एक गुण.

माझं उत्तर आंतरक्रियावादी. कप हे प्रतीक, मावशी त्याचा अर्थ लावतात आणि त्या अर्थाप्रमाणे वागतात. तिने लिहिलं होतं संघर्षवादी, आणि मी सरळ काट मारली होती.

वर्गात मी नेहमी सांगते, विषय बघू नका, शेवटचं वाक्य काय विचारतंय ते बघा. समाजाची घडी कशी टिकते असं असेल तर प्रकार्यवादी. फायदा कोणाचा, सत्ता कोणाकडे असं असेल तर संघर्षवादी. समोरासमोर अर्थ कसा लागतो, तर आंतरक्रियावादी. गरीब-श्रीमंत दिसले की मुलं डोळे झाकून संघर्षवादी लिहितात, म्हणून हा प्रसंग मुद्दाम टाकला होता. (हुशारी माझी!)

पण ती डोळे झाकून लिहीत नव्हती. खाली पेन्सिलने होतं, "अर्थ मावशी लावतात, पण ठरवला मालकांनी."

माझ्या प्रसंगात कप ठेवणारं माणूसच नव्हतं. 'असतो' म्हणून मोकळी झाले होते मी.

गुण दिला. आता उरलेल्या एकोणचाळीस पेपरांचं काय करू?